मोडीचा भाव आधी विचारा

८ नोव्हेंबर २०२५ रोजी सेबीने एक निवेदन काढून लोकांना सावध केले की मोबाईलवरून विकले जाणारे ‘डिजिटल सोने’ हे ना रोखा म्हणून अधिसूचित आहे, ना वस्तुवायदा म्हणून नियंत्रित. त्यामुळे त्यात काही बिघडले तर सेबीची गुंतवणूकदार-संरक्षणाची कोणतीही व्यवस्था ग्राहकाच्या मदतीला येणार नाही. त्यानंतर सोलापुरात जी चर्चा सुरू झाली ती मला फार उथळ वाटते. सराफ कट्ट्यावर ‘आम्ही सांगतच होतो, सोने हातात असावे’ असा सूर निघाला. नोकरदार तरुणांकडून ‘पंधरा-पंधरा टक्के घडणावळ घेणाऱ्यांनी आम्हाला शहाणपण शिकवू नये’ असे उत्तर आले. दोन्ही बाजू विश्वासाबद्दल बोलतात, पण रुपया सोन्यात गेल्यापासून परत हातात येईपर्यंत त्यातला किती भाग गळतो, हे कोणी मांडत नाही. माझे म्हणणे असे आहे की बचत म्हणून पाहिले तर दागिना हा महागडा मार्ग आहे आणि डिजिटल सोने त्याहून निश्चित स्वस्त आहे. परंतु आज ते ज्या अवस्थेत विकले जाते त्या अवस्थेत आयुष्यभराची पुंजी तिथे ठेवू नये. आणि या वादात ज्याचे सर्वाधिक नुकसान होते, तो महिन्याला हजार-दोन हजारांचे सोने घेणारा माणूस, दोन्ही दारांवर कायद्याच्या संरक्षणाबाहेर उभा आहे.

हिशेब सोपा जावा म्हणून चोवीस कॅरेट सोन्याचा दर ग्रॅमला १०,००० रुपये धरू. प्रत्यक्ष दर याहून वर असला तरी टक्केवारी बदलत नाही. बावीस कॅरेटचा, म्हणजे ९१६ शुद्धतेचा दर मग ९,१६० रुपये होतो. दहा ग्रॅमची बांगडी घेतली तर सोन्याचे ९१,६०० रुपये होतात. घडणावळ साध्या कामाला आठ टक्के असते आणि नाजूक कलाकुसरीला वीसच्याही पुढे जाते. आपण मधली बारा टक्के धरली तर ती १०,९९२ रुपये होते. एकूण रकमेवर तीन टक्के जीएसटी आणि हॉलमार्कचे सुमारे पन्नास रुपये मिळवले की ग्राहक १,०५,७२० रुपये मोजून दुकानाबाहेर पडतो. त्याच दिवशी, त्याच दराने ती बांगडी मोडीत घातली तर काय मिळेल? घडणावळ गेली, कर गेला, आणि वितळताना होणारी घट म्हणून सराफ दोन टक्के कापतो असे धरले तर ८९,७६८ रुपये मिळतील. दरात एका पैशाचाही फरक न पडता सुमारे सोळा हजार रुपये, म्हणजे पंधरा टक्के रक्कम गेली. परक्या दुकानात मोडायला गेल्यास घट याहून जास्त धरली जाते, हे सोलापुरातल्या कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही.

तेवढेच १,०५,७२० रुपये डिजिटल सोन्यात घातले तर आधी तीन टक्के जीएसटी वजा होतो आणि १,०२,६४१ रुपयांचे सोने खात्यावर जमा होते. घडणावळ नाही. पण ‘शुल्क नाही’ या जाहिरातीवर विसंबू नये. अॅपवरचा खरेदीचा आणि विक्रीचा दर वेगवेगळा असतो आणि कंपनीचा नफा त्या अंतरात असतो. हे अंतर ओळखणे अवघड नाही: एकाच मिनिटाला दोन्ही दर उघडून पाहावेत, कर बाजूला ठेवावा आणि वजाबाकी करावी. ते तीन टक्के आहे असे धरले, तर त्याच दिवशी विकून ९९,५६२ रुपये परत येतात. तोटा सुमारे ६,१६० रुपयांचा, म्हणजे सहा टक्क्यांच्या आत. बांगडीच्या तुलनेत जवळपास दहा हजार रुपये वाचले. ज्याला पुढे रोख रक्कमच हवी आहे, मुलाची फी भरायची आहे, घराच्या स्लॅबला पैसे लागणार आहेत, त्याने बांगडी घेऊन बचत केली असे म्हणणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे आहे.

यावर सराफांचे उत्तर असे, की ‘आमच्याकडे येणारा माणूस रोख रकमेसाठी नव्हे, मुलीच्या लग्नासाठी साठवतो, शेवटी दागिनाच करायचा असेल तर तो आजच का करू नये?’ हा आक्षेप दमदार आहे, आणि डिजिटल सोन्याचे समर्थक त्याला कधी सरळ भिडत नाहीत. त्याचे माप रुपयांत नव्हे, ग्रॅममध्ये घ्यायला हवे. अॅपवरचे सोने विकून मिळालेल्या ९९,५६२ रुपयांत वरच्याच हिशेबाने बांगडी घेतली, तर पुन्हा घडणावळ आणि पुन्हा तीन टक्के कर भरून ९.४२ ग्रॅमची बांगडी मिळते. थेट घेणाऱ्याकडे दहा ग्रॅमची आहे. मधल्या काळात सोने दुप्पट झाले तरी दोघांचे सोने सारखेच वाढते आणि घडणावळही दराबरोबर वाढते, म्हणून हे ग्रॅमचे अंतर तसेच राहते. सराफ इथे बरोबर आहेत: जो दागिना पुढे आहे तसाच घालायचा आहे, तो आजच घडवून घेणे स्वस्त पडते.

पण तो ‘आहे तसाच’ घातला जातो का? मुलगी पाच वर्षांची असताना घेतलेल्या पाटल्या ती पंचविशीत घालते अशी किती घरे आहेत? माप बदलते, नक्षी जुनी होते, नव्या घरची पद्धत वेगळी असते. पाटल्या मोडून नवे काही घडवले जाते, आणि मोडीच्या ८९,७६८ रुपयांत नव्या घडणावळीसह हाती येते साडेआठ ग्रॅम. म्हणजे वीस वर्षे कपाटात सांभाळलेला दागिना एकदा मोडला की तो अॅपवरच्या सोन्यापेक्षा जवळपास एक ग्रॅम मागे पडतो. आपल्याच दुकानच्या डागाला मोडीवर पूर्ण भाव देणारे सराफ आहेत. त्यांच्याकडे दोन टक्के वाचतील, पण दोनदा भरलेली घडणावळ तीही परत करत नाहीत. आणि ज्यांची बचत महिन्याला दोन हजारांची आहे त्यांना तर बांगडी आज घेण्याचा पर्यायच नसतो. पूर्व भागातल्या यंत्रमागावरचा कामगार किंवा विड्या वळणारी बाई आठवड्याच्या पगारातून जमवून सणाला अर्ध्या-पाऊण ग्रॅमचे कानातले, चार मणी, एखादी चमकी घेते. अशा बारीक डागांवर घडणावळ अनेकदा टक्क्यांनी नव्हे तर नगामागे किमान रकमेने लागते, आणि सोन्याच्या मानाने ती बांगडीपेक्षा कितीतरी भारी बसते. पुढे हेच तुकडे एकत्र करून मंगळसूत्राच्या वाट्या करायच्या झाल्या की ते सगळे मोडीतच जातात.

आपल्या आज्या-पणज्यांना हे गणित ठाऊक होते, म्हणूनच वेढणे घेण्याची रीत पडली. पाडव्याला किंवा दसऱ्याला घेतलेले शुद्ध सोन्याच्या तारेचे ते साधे वळे दागिना म्हणून घेतले जात नसे. घडणावळ नाममात्र, नक्षी नाही, आणि पुढे आटवायचे हे ठरलेलेच. आजही तीन टक्के कर भरून वेढणे घेतले आणि मोडीत एक टक्का कापला गेला, तर आपल्या उदाहरणातल्या रकमेचे १,०१,६१४ रुपये परत येतात. दागिना घडवला तर ९.६ ग्रॅमचा होतो. म्हणजे गळतीच्या हिशेबात वेढणे डिजिटल सोन्यालाही मागे टाकते. जुने विरुद्ध नवे अशी मांडणी करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घेतलेली नाही, याचे मला फार वाईट वाटते. डिजिटल सोने ज्या गुणाबद्दल मिरवते, तो घडणावळ टाळण्याचा गुण आपल्या पेठेत पिढ्यानपिढ्या उपलब्ध आहे.

मग वेढण्यावरच थांबावे का? इथे शुद्धतेचा प्रश्न येतो, आणि तो घडणावळीहून नाजूक आहे. जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक नसलेला दागिना विकण्यावर बंदी आली. ही सुधारणा खरोखर मोठी आहे. हातातल्या डागावर भिंगाने पाहिले तर भारतीय मानक ब्युरोचे, म्हणजे बीआयएसचे त्रिकोणी चिन्ह, ‘22K916’ आणि त्यापुढे सहा अक्षरे दिसतात; ती बीआयएस केअर अॅपमध्ये टाकली की सराफाचा नोंदणी क्रमांक, तपासणी केंद्र, शुद्धता आणि वस्तूचा प्रकार समोर येतो. अॅप ‘अंगठी’ म्हणत असेल आणि हातात साखळी असेल, तर तो क्रमांक दुसऱ्याच वस्तूचा आहे हे तिथल्या तिथे कळते. शुद्धता कमी भरली तर तुटीच्या फरकाची दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला देण्याची तरतूद बीआयएसच्या नियमांत आहे. अॅपवर सोने विकणारी कंपनी ९९५ किंवा ९९९ शुद्धतेचे जे आश्वासन देते, त्याला ग्राहकाच्या हाती अशी खूण नाही. तिथे आपल्याला दिसतो तो फक्त स्क्रीनवरचा आकडा.

तथापि हॉलमार्क शुद्धतेची हमी देतो, वजनाची नव्हे. बोरमाळेसारख्या दागिन्यात मणी पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते. काट्यावर ठेवलेल्या माळेचे वजन सोने, लाख आणि दोरा मिळून असते. मोडीच्या वेळी सराफ दोरा कापतो, मणी तापवून लाख काढतो आणि उरलेले वजन करतो. घेताना ज्यांनी पावतीवर निव्वळ वजन लिहून घेतले नाही त्यांना तेव्हा प्रथमच कळते की आपण लाखेचे पैसे सोन्याच्या दराने दिले होते. पावतीवर निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्कचे शुल्क वेगळे दाखवणे सराफावर बंधनकारक आहे. पण ते मागणारे ग्राहक किती?

त्याहून गंभीर बाब हॉलमार्कच्या सवलतींत दडलेली आहे. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तू सक्तीतून वगळलेल्या आहेत. चिप, तार, पत्रा, नाणे अशा रूपातले सोनेही त्या सक्तीच्या बाहेर आहे. वार्षिक उलाढाल चाळीस लाखांपर्यंत असलेल्या दुकानांनाही सूट आहे. या तिन्ही सवलती एकत्र ठेवून पाहा. गल्लीतल्या छोट्या दुकानातून पाऊण ग्रॅमचे कानातले घेणारी बाई आणि पाडव्याला वेढणे घेणारे कुटुंब यांपैकी कोणालाही एचयूआयडी मिळण्याची खात्री नाही. लाखाची पाटली घेणाऱ्याला राज्यसंस्थेची खूण मिळते. दहा हजारांचा डाग घेणाऱ्याला सराफाचा शब्द मिळतो. तो शब्द बहुतेक वेळा खरा असतो, हे मी मान्य करतो. परंतु जो शब्द तपासता येत नाही त्याला हमी म्हणता येत नाही.

आणि हाच वर्ग आज दहा-वीस रुपयांचे सोने मिळते म्हणून मोबाईलकडे वळतो आहे. तिथे त्याला काय मिळते? कंपनी सांगते की तिजोरीत तितके सोने आहे, त्याचा विमा आहे आणि ग्राहकांच्या वतीने एक विश्वस्त संस्था नेमलेली आहे. हे सर्व खरे असू शकते. पण विश्वस्त कंपनीनेच नेमलेला, करार तिनेच लिहिलेला, आणि कसूर झाली तर दाद मागायला नियामक नाही. हा धोका कल्पनेतला नाही. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या वस्तुबाजाराने २०१० मध्ये ‘ई-गोल्ड’ आणले होते. एक-एक ग्रॅमच्या युनिटमध्ये, डीमॅट खात्यात जमा होणारे हे सोने मध्यमवर्गाने विश्वासाने घेतले. २०१३ च्या जुलैअखेरीस त्या बाजारातल्या दुसऱ्याच व्यवहारांत सुमारे ५,६०० कोटींची देणी थकली आणि ऑगस्टमध्ये ई-गोल्डची उलाढालही थांबवली गेली. ई-गोल्डवाल्यांनी काही चुकवले नव्हते, त्यांच्या युनिटांमागे धातू होता, तरी स्वतःचे सोने किंवा त्याचे पैसे मिळण्यासाठी त्यांना महिनोन्‌महिने ताटकळावे लागले. तिजोरीत सोने असणे आणि हवे तेव्हा ते आपल्या हाती येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट केवळ नियमनाने साधते.

दागिन्याच्या बाजूचे दोन मुद्दे मात्र असे आहेत की त्यांना हिशेबाच्या वहीने उत्तर देता येत नाही. पहिला तारणाचा. रात्री दवाखान्यात पैसे भरायचे झाले तर सकाळी बँक उघडताच पाटल्या तारण ठेवून दुपारपर्यंत पैसे मिळतात. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या निर्देशांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या मूल्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. परंतु लगडी-बिस्किटांसारखे कच्चे सोने किंवा त्यावर आधारलेली ईटीएफसारखी कागदी मत्ता तारण घेता येत नाही. अॅपवरचे सोने विकता येते, पण ते गहाण ठेवून, वेळ निभावून परत सोडवून आणता येत नाही. ज्या शहराने गिरण्या बंद पडताना घरोघरचे डाग गहाण पडलेले पाहिले आहेत, त्याला या सोयीचे मोल सांगायला नको. तरीही यातून एवढेच निघते की अडीनडीपुरता एखादा दागिना घरात असावा. सगळी बचत दागिन्यांत असावी असे निघत नाही. बँकेचा मूल्यांकनकारसुद्धा घडणावळ मोजत नाही, खडे मोजत नाही, लाख मोजत नाही.

दुसरा मुद्दा मला अधिक अस्वस्थ करतो. गळ्यातले सोने बाईचे असते. ते काढून घ्यायचे तर तिच्यासमोर, तिच्या हातून काढून घ्यावे लागते. मोबाईलमधले सोने कोणाचे? ज्याचा नंबर, ज्याचे केवायसी, ज्याचे बँक खाते त्याचे. विड्यांच्या कामावर घर चालवणाऱ्या बाईने स्वतःच्या कमाईतून नवऱ्याच्या फोनवर सोने घेतले, तर नोंदीने आणि व्यवहारानेही ते नवऱ्याचे होते, आणि रात्रीत एका बोटाने ते विकले गेल्याचे तिला कळणारही नाही. खाते तिच्या नावाने, तिच्या आधार-पॅनवर आणि तिच्या बँक खात्याला जोडून उघडणे हे याचे अर्धे उत्तर आहे. घरात एकच स्मार्टफोन असेल तर उरलेले अर्धे उत्तर माझ्याकडे नाही, आणि अशा घरातल्या बाईने वेढणे घेऊन स्वतःजवळ ठेवले तर तिचा निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही.

मात्र यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की डिजिटल सोन्यावर बंदी घालावी. सोन्याच्या बाबतीत बंदीचा प्रयोग आपण केलेला आहे. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रण आदेशाने चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध नवे दागिने घडवायला मनाई केली. हजारो कारागिरांचे काम गेले, लोकांची बावीस कॅरेटची ओढ मात्र कायम राहिली, आणि तो व्यवहार पावतीशिवाय आडोशाने होऊ लागला. १९६८ च्या कायद्याने नियंत्रण पुढे चालू ठेवले आणि अखेर १९९० मध्ये तो कायदाच मागे घेतला गेला. त्या काळात सर्वांत जास्त नागवला गेला तो ग्राहक, कारण बेकायदा डागाची शुद्धता कमी निघाली तरी तक्रार कोणाकडे करणार? दहा रुपयांचे सोने घेण्याची गरज खरी आहे; तिला दार बंद केले तर ती आणखी अंधाऱ्या दाराने जाईल.

डिजिटल सोन्याला नियामक मिळत नाही तोवर घरापुरता व्यवहार असा करता येतो. अॅपवर सोने घ्यायचेच तर ते साठत जाण्याचे मधले ठिकाण म्हणून घ्यावे. चार-सहा महिन्यांची रक्कम झाली की ती बाहेर काढावी. नाणे घरपोच मागवताना घडाईचा आणि पाठवण्याचा खर्च लागतो, त्यामुळे छोट्या वजनाला ते परवडत नाही. विकून मोठे वेढणे घेणे किंवा दरमहा पाचशे-हजार रुपये थेट सेबीच्या नियमनाखालील गोल्ड फंडात घालणे अधिक बरे. या फंडाला डीमॅट खाते लागत नाही, खरेदीवर सोन्याचा जीएसटी लागत नाही, वार्षिक खर्च मात्र कापला जातो. दागिना घ्यावा तो घालण्यासाठी, आणि त्याची घडणावळ खर्चाच्या रकान्यात लिहावी.

सरकारकडून मागायच्या गोष्टी दोनच आहेत. डिजिटल सोने कोणत्या तरी एका नियामकाच्या कक्षेत आणावे, जेणेकरून तिजोरीतल्या धातूची तपासणी कंपनीने नेमलेल्या नव्हे तर नियामकाने ठरवलेल्या संस्थेकडून होईल. आणि दोन ग्रॅमखालच्या वस्तूंवर शिक्का मारणे व्यवहार्य नसेल, तर निदान अशा वस्तूंचा नमुना तपासण्याची आणि तूट निघाल्यास दुप्पट भरपाई देण्याची जबाबदारी दुकानदारावर टाकावी. तिसरी गोष्ट सरकारकडे मागण्याची गरजच नाही: बारीक डाग असो की वेढणे, पावतीवर निव्वळ वजन, शुद्धता आणि मोडीच्या वेळी किती घट धरली जाईल हे लिहून द्यायला सोलापूरच्या सराफांना कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.